सायकलचा पंप का तापतो: मला दोन वर्षं नडलेला प्रश्न

अकरावीत हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला गेला आणि मी ठणकावून उत्तर दिलं, "घर्षणामुळे." सर म्हणाले, "मग पंप टायरला न लावता तेवढाच हलवून बघ." घरी येऊन बघितलं. टायर न जोडता चाळीस वेळा दट्ट्या वरखाली केला, तर नळकांडं जेमतेम कोमट झालं. टायरला जोडून तेवढेच स्ट्रोक मारले, तर खालचं टोक, जिथे हवा दाबली जाते तिथलं, हाताला चटका देण्याइतकं तापलं. वरचा भाग मात्र जवळजवळ तसाच होता. घर्षणच मुख्य कारण असतं, तर वॉशर जिथून जिथून घासत जातो तो सगळा भाग सारखा तापला असता.

घर्षण बाद झालं. पण खरा खड्डा पुढे होता आणि त्यात मी दोन वर्षं अडकलो. मला वाटायचं, हवा दाबली की रेणू जवळ येतात, एकमेकांवर जास्त आपटतात, म्हणून तापतात. ऐकायला अगदी पटतं. अनेक नोट्समध्येही असंच काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणून आयत्या नोट्सवर माझा आजही विश्वास नाही.

हे चूक का, ते नीट बघा. दोन रेणू एकमेकांवर आपटले, तर एकाला जेवढी ऊर्जा मिळते तेवढीच दुसऱ्याची जाते. बेरीज तीच राहते. टकरी दसपट झाल्या तरी ऊर्जा नुसती वाटली जाते, नवी येत नाही. शिवाय तुम्ही तोच दट्ट्या अगदी सावकाश दाबला, तर हवा निम्म्या जागेत मावते, रेणूंची गर्दी दुप्पट होते, तरी तापमान जवळजवळ वाढत नाही, कारण मिळालेली ऊर्जा तेवढ्या वेळात धातूतून बाहेर निघून जाते. म्हणजे गर्दी हे कारण असूच शकत नाही.

ऊर्जा येते ती फक्त सरकत्या दट्ट्याकडून. स्थिर भिंतीवर आपटलेला रेणू त्याच वेगाने परततो. भिंत समोरून येत असेल, तर तो जास्त वेगाने परततो, जसा बॅट पुढे आणून मारलेला चेंडू परततो. खोलीतल्या हवेत रेणूंचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर असतो. दट्ट्या सेकंदाला 1 मीटरने आला, तर समोरून आपटणाऱ्या रेणूचा वेग दर टकरीला 2 मीटरने वाढतो. ही वाढ क्षुल्लक दिसते, पण अशा टकरी असंख्य होतात, आणि मिळालेली ऊर्जा रेणूंच्या आपसातल्या टकरींमधून सगळ्या हवेत पसरते. तुमच्या हाताने केलेलं काम हवेच्या आंतरिक ऊर्जेत जमा झालं. उष्णता कोणी दिलेलीच नाही.

आता आकडे. नळकांड्याचा आतला व्यास 3 सेंटिमीटर, लांबी 50 सेंटिमीटर धरा. आत सुमारे 350 घनसेंटिमीटर हवा मावते, वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तापमान 27 अंश, म्हणजे 300 केल्व्हिन. उष्णता बाहेर जायला वेळच न देता हवा निम्म्या जागेत दाबली, तर ॲडियाबॅटिक नियमाने T V^(γ−1) स्थिर राहतं. हवेसाठी γ 1.4 असल्याने तापमान 300 × 2^0.4, म्हणजे सुमारे 396 केल्व्हिन होतं. सेल्सिअसमध्ये 123 अंश!

इथे नवीन मुलं घाबरतात, की पंप एवढा तापत का नाही. घाबरू नका, गणित बरोबर आहे. त्या हवेत जमा झालेली ऊर्जा फक्त 29 ज्यूलच्या आसपास आहे. 200 ग्रॅम लोखंडाचं नळकांडं 1 अंशाने तापायलाच सुमारे 90 ज्यूल लागतात. बरीचशी गरम हवा तर टायरमध्ये निघून जाते. म्हणून भरपूर स्ट्रोक लागतात, आणि तेही भराभर.

चिन्हांबाबत मात्र सावध राहा. भौतिकशास्त्रात ΔU = Q − W, आणि W म्हणजे हवेने केलेलं काम. दाबताना ते ऋण असतं. रसायनशास्त्रात ΔU = q + w, आणि w म्हणजे हवेवर केलेलं काम. सूत्र पाठ करून मी याच ठिकाणी गुण घालवले. आधी वाक्य लिहा, "दट्ट्याने हवेवर काम केलं, ऊर्जा वाढली," आणि मग चिन्ह टाका.

एक प्रयोग जरूर करा. चामड्याच्या वॉशरचा साधा पंप घ्या, बुडाशी स्वतःची झडप नसलेला. तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा, दट्ट्या झटकन निम्म्यावर आणा आणि तिथेच धरून ठेवा. वरच्या मापाच्या पंपात सुरुवातीला जवळपास 12 किलोचा जोर लागेल आणि हवा निवत जाईल तसा तो 7 किलोपर्यंत उतरेल. जागा तीच, हवा तीच, फक्त उष्णता धातूत गेली. मग दट्ट्या हळूच सोडा. तो जवळपास पहिल्या जागी परत आला नाही, तर वॉशर गळतंय आणि जोर कमी झाल्याचं श्रेय गळतीलाही जातं. वॉशरला तेल लावा आणि पुन्हा करा.