लांब रजेनंतर टीमच्या चॅटमध्ये परतताना या चुका टाळा

तीन आठवड्यांनी चॅट उघडलं की न वाचलेल्या मेसेजचा आकडा बघूनच घाम फुटतो. मग आपण ग्रुपवर टाकतो, "आलो परत! मधे काय काय झालं?" चार अंगठे येतात, कोणी तरी "वेलकम बॅक" म्हणतं, आणि पुढे सामसूम. सगळ्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा देईल, असं प्रत्येकाला वाटतं. फार तर "विशेष काही नाही" एवढंच येतं.

हे "विशेष काही नाही" सगळ्यात फसवं. ते खोटं नसतं. मागे राहिलेल्यांना बदलांची इतकी सवय झालेली असते, की ते बदल आहेत हेच त्यांच्या ध्यानात राहत नाही. म्हणून "काय बदललं?" असं मोघम विचारू नका. जाताना तुम्हाला काय माहीत होतं ते लिहा आणि त्यातलं काय शिळं झालं ते विचारा. तेही एकाच व्यक्तीला, शक्यतो तुमच्या मागे तुमचं काम ज्याने सांभाळलं त्याला. साहेबांना ठळक निर्णय ठाऊक असतात, बारकावे नसतात.

मी असा मेसेज टाकतो:

"मी २ तारखेपासून रजेवर होतो. जाताना अहवाल सोमवारी जायचा, मंजुरी तू द्यायचीस, नवा फॉर्म सुरू व्हायचा होता. यातलं काय बदललं? माझ्यावाचून काही अडलंय का? चार ओळी पुरेत."

त्यावर उत्तर आलं: "अहवाल आता गुरुवारी. मंजुरी माझ्याकडेच. फॉर्म सुरू झालाय, पण जुन्या ग्राहकांना जुनाच. तुझ्यावाचून फक्त दरांचा तक्ता अडलाय." यातलं ते जुन्या ग्राहकांचं मोघम प्रश्नाला कधीच बाहेर आलं नसतं.

दुसरी चूक म्हणजे वरून खाली वाचत जाऊन वाटेत उत्तरं देणं. ८ तारखेच्या एका मेसेजला मी "हो, करतो" म्हटलं आणि अर्धा दिवस त्यात घातला. ते काम १५ तारखेलाच रद्द झालं होतं, त्याच थ्रेडमध्ये, सहा उत्तरं खाली. आता मी आधी थ्रेडचं शेवटचं उत्तर वाचतो आणि तोवर हात कीबोर्डपासून लांब ठेवतो.

आणि सारांश मिळाला म्हणून लगेच सगळे मेसेज "वाचले" करून टाकू नका. सांगणाऱ्याला ताजं आठवतं, रजेच्या पहिल्या आठवड्यातलं निसटतं. तुम्हाला खाजगीत आलेले मेसेज तर त्याने पाहिलेलेच नसतात. तेवढे वाचा, मग सर्चमध्ये स्वतःचं नाव टाकून जिथे जिथे तुम्हाला टॅग केलंय ते पाहा. हजार मेसेजमधून असे बहुधा वीस-पंचवीसच निघतात. बाकीचे खुशाल सोडा.