केटलमधला क्षाराचा थर काढताना या चुका टाळा

पुण्याच्या वाघोली, उंड्री, पिसोळी या भागांत अनेक सोसायट्यांना वर्षातले बरेच महिने टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं. तिथल्या घरांतून एक तक्रार हमखास येते: केटल पाणी उकळायच्या आधीच टक्‌ करून बंद पडते. पुन्हा खटका दाबला की अर्ध्या मिनिटात परत टक्‌. बहुतेकांना वाटतं की स्विच गेला. झाकण उघडून तळाशी बोट फिरवून बघा. बोटाला खरखरीत, पांढुरका थर लागला, तर स्विच ठीक आहे आणि आपलं काम चोख करतो आहे. बिघाड त्या थराचा आहे.

खडकवासल्याचं नळाचं पाणी तुलनेनं हलकं असतं, त्यामुळे पेठांतल्या घरात तीच केटल कित्येक महिने स्वच्छ राहते. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार विरघळवून घेतं. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. हे पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ चुनखडीच, तळाला चिकटून बसते. तळ सगळ्यात गरम असतो, म्हणून थरही तिथेच सगळ्यात जाड.

‘थर आहे तर आहे, पाणी तर उकळतंय’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. थरामुळे विजेचं बिल वाढतं असं सांगितलं जातं, पण केटलच्या बाबतीत तो फरक किरकोळ आहे. एलिमेंटमधून निघालेली उष्णता बहुतांशी शेवटी पाण्यातच जाते. खरा तोटा एलिमेंटचा होतो, आणि तो कसा हे एका साध्या हिशेबानं कळतं.

१५०० वॅटची, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाच्या तळाची स्टीलची केटल घ्या. तळाच्या पत्र्याखाली अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती असते आणि तिला एलिमेंटची वळलेली नळी पक्की जोडलेली असते. त्या नळीत नायक्रोमची तार, आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पूड. खटका दाबला की १५०० वॅट उष्णता तयार होणारच. थर असो वा नसो, ती कमी होत नाही. तिला वर पाण्यात जायचं आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलमधून जाताना खालच्या आणि वरच्या बाजूच्या तापमानात जेमतेम ४ अंशांचा फरक लागतो. क्षाराचा थर मात्र स्टीलच्या साधारण पंधरापट वाईट वाहक आहे. तेवढ्याच अर्ध्या मिलिमीटर थरातून तीच उष्णता ढकलायला ६० ते ७० अंशांचा फरक लागतो, आणि १ मिलिमीटर झाला तर सव्वाशेच्या पुढे. म्हणजे वर पाणी १०० अंशांवर उकळत असताना खालचा पत्रा १७० अंशांवर, आणि आतली तार त्याहून कितीतरी गरम.

तार जितकी जास्त तापते तितकी ती लवकर ऑक्सिडाइझ होऊन झिजते. पत्रा आणि नळी यांच्या जोडावर प्रत्येक वेळी जास्त ताण येतो. बाजूचं सिलिकॉनचं सील कडक होतं आणि मग बुडातून पाणी ठिबकतं. खाली पत्र्याला टेकवलेली बायमेटलची चकती असते, ती रिकामी केटल चालू राहिली तर वीज तोडण्यासाठी. पत्रा इतका तापला की तिला केटल कोरडी आहे असंच वाटतं आणि ती खटका पाडते. हाच तो उकळायच्या आधीचा टक्‌. दर वेळी असं झालं की संपर्काच्या टोकांवर ठिणगी पडते आणि ती जळत जातात. काही केटलमध्ये एकदाच वितळणारा थर्मल फ्यूज असतो. तो गेला की केटल थंडच.

याच्या उलट तक्रारही असते, की पाणी उकळून उकळून आटतं तरी केटल बंद होत नाही. तिथे तळाकडे बघू नका. उकळल्यावर बंद करणारी चकती वेगळी असते आणि तिच्यापर्यंत वाफ एका छोट्या भोकातून पोचते. झाकण नीट बसलं नसेल किंवा त्या भोकाशी क्षार जमला असेल, तर वाफच पोचत नाही.

घासणी आणि सुरी

थर खरवडायला कुणी सुरी घेतं, कुणी तारेची घासणी. थर निघतो, पण स्टीलवर चरे पडतात, आणि पुढचा थर त्या चऱ्यांना घट्ट धरून बसतो. शिवाय स्टीलला गंजापासून वाचवणारा त्याचा पातळ ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असेल तर त्याच जागी बारीक खड्डे पडू लागतात. थर आम्लानं विरघळवूनच काढायचा.

किती सायट्रिक अ‍ॅसिड?

ढोकळ्यासाठी वापरतात ते लिंबूफूल म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात मिळतं. त्याऐवजी फ्रूट सॉल्ट आणू नका. त्यात आम्लाच्या जोडीला सोडा असतो, दोघं एकमेकांना मारतात आणि थराला काही होत नाही. याच कारणानं सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये खाण्याचा सोडा मिसळायचा सल्लाही चुकीचा आहे. फेस दिसतो भरपूर, पण तो थराचा नसतो. लिंबं पिळूनही भागत नाही: एका लिंबाच्या रसात दीडेक ग्रॅम आम्ल असतं, म्हणजे एका वेळच्या कामाला वीस लिंबं लागतील आणि वर गर चिकटेल तो वेगळा.

आता प्रमाण. समजा, टँकरच्या पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि रोज २ लिटर पाणी उकळतं. त्यातला एक तृतीयांश क्षार तळाला बसला तरी दिवसाला २०० मिलिग्रॅम, दोन महिन्यांत १२ ग्रॅम. १२ सेंटिमीटरच्या तळावर हा थर जवळपास अर्धा मिलिमीटर होतो. १२ ग्रॅम थर नुसता फोडायला सुमारे १७ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड लागतं. पण तेवढंच घातलं की खरी फजिती होते, कारण त्यातून तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फार कमी विरघळतं. ते विरघळलेलं राहायला आम्ल बरंच जास्त लागतं. म्हणून एक चमचा घालून रात्रभर ठेवण्यापेक्षा २५ ते ३० ग्रॅमचे दोन ताजे हात द्या. सपाट भरलेला चहाचा चमचा साधारण ४-५ ग्रॅमचा धरला तर सहा चमचे.

द्रावण उकळणं

गरम केलं की लवकर निघतं हे बरोबर आहे, पण खळखळ उकळणं दोन कारणांनी चूक. एक म्हणजे आम्ल आणि थर भेटले की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. उकळीत तो तोटीतून वर येऊन खालच्या कनेक्टरवर सांडतो. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे: कॅल्शियम सायट्रेट थंडपेक्षा गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं. उकळत्या द्रावणात ते तळावर पांढरं बसतं आणि एक थर काढून दुसरा बसवल्यासारखं होतं.

म्हणून असं करा. दीड लिटरच्या केटलमध्ये १ लिटर पाणी घ्या, पूर्ण भरू नका. खटका दाबून दोन मिनिटं थांबा. १५०० वॅटला तेवढ्यात पाणी ६० अंशांच्या आसपास येतं. मग केटल बंद करून स्टँडवरून उचला आणि ओट्यावर ठेवा. झाकण उघडं ठेवून पूड थोडी थोडी टाका, एकदम ओतू नका. बुडबुडे चालू होतील. अर्धा तास राहू द्या. तोटीची जाळी निघत असेल तर ती काढून त्याच द्रावणात एका वाटीत बुडवा, आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा थर द्रावणात भिजवलेल्या फडक्यानं पुसा.

बुडबुडे थांबले आणि तळ अजून पांढरा आहे, म्हणजे आम्ल संपलं. तेच पाणी ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही. ओतून द्या आणि ताजं करा. ताज्या द्रावणातही बुडबुडे येत नाहीत, पण बोटाला गुळगुळीत पिठासारखा पांढरा लेप लागतो, तर तो सायट्रेटचा आहे. अशा वेळी १ लिटर साध्या थंड पाण्यात ३० ग्रॅम अ‍ॅसिड टाकून तासभर ठेवा आणि मऊ स्पंजनं पुसा. शेवटी दोनदा धुवा आणि साधं पाणी एकदा उकळून फेकून द्या.

केटल सिंकमध्ये बुडवू नका, आणि कनेक्टर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय स्टँडवर ठेवू नका. टॉयलेट क्लीनर तर चुकूनही नको: त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टील खातं. त्यात किंवा सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये ब्लीच मिसळलं, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

‘आमच्याकडे फिल्टर आहे’

कुठला, ते बघा. नुसता यूव्ही फिल्टर जंतू मारतो, क्षार तसेच ठेवतो. त्याच्या पाण्यानं केटलला तितकाच थर धरतो. आरओचं पाणी वापरलं तर थर फारच कमी.

साफ केल्यावर एकदा वेळ मोजून ठेवा. २५ अंशांचं १ लिटर पाणी १५०० वॅटवर उकळायला हिशेबानं साडेतीन मिनिटं लागतात, प्रत्यक्षात चारच्या आसपास. पुढे कधी केटल दोन-तीन मिनिटांतच, पाणी न उकळता बंद पडली, तर त्याच दिवशी लिंबूफूल काढा. आणि तळ चकचकीत असूनही ती तशीच लवकर बंद पडत असेल, तर खालचा कंट्रोल बदलायला हवा. सायट्रिक अ‍ॅसिडचे आणखी हात देऊन काही होणार नाही.