राउटर बदलला आणि नेट गेलं? आधी जुन्याचा मॅक अ‍ॅड्रेस बघा

नवा राउटर लावला, वायफाय दिसतंय, मोबाइल जोडलाही जातोय, पण नेट नाही. अशा वेळी नवा राउटर परत करायची घाई करू नका. केबलवाल्याकडून किंवा स्थानिक कंपनीकडून इथरनेटची वायर घरात आली असेल, तर बहुतेकदा त्यांनी तुमचं कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असतं. नवं यंत्र त्यांच्या ओळखीचं नसतं, म्हणून ते दारातूनच परत पाठवलं जातं.

खात्री करायची तर नव्या राउटरच्या सेटिंगमधल्या स्टेटस पानावर WAN, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीसमोर, 0.0.0.0 दिसतं का बघा. मग तीच वायर जुन्या राउटरला लावा. नेट लगेच आलं, तर दुखणं बहुधा हेच.

जुना चालू असतानाच त्याच्या स्टेटस पानावरचा WAN चा मॅक अ‍ॅड्रेस लिहून घ्या. खालच्या स्टिकरवर विसंबू नका, तिथे बरेचदा LAN चा, म्हणजे घरातल्या जोडणीचा, असतो आणि शेवटच्या अंकात फरक पडतो. नव्या राउटरमध्ये MAC Clone नावाचा पर्याय शोधा, तिथे तो टाका, सेव्ह करून रीस्टार्ट करा. लॉगिन-पासवर्डचं कनेक्शन असेल तर तेही जसंच्या तसं भरा.

जुना राउटर बिघडला असेल, तर कंपनीला फोन करून "मॅक रीसेट करा" एवढंच सांगा. माझ्या मते तोच कायमचा इलाज. मात्र फायबरचा डबाच बदलला असेल, तर क्लोन करून भागत नाही. त्याची नोंद सहसा सीरियल नंबरवर असते, ती कंपनीलाच करावी लागते.