आयव्हीएफचा ‘यशाचा टक्का’ वाचताना या चुका टाळा

जुळे सोलापुरात राहणारी माझी मावसबहीण एका आयव्हीएफ केंद्राचे माहितीपत्रक घेऊन आली. तिचे वय 37 आहे. पत्रकावर ‘यश 55 टक्के’ असे ठळक छापलेले होते. तिने विचारले, “दादा, म्हणजे दोनदा केले की काम होणारच ना?” हा प्रश्न मी प्रयोगशाळेतील नोकरीच्या वर्षांत अनेकांकडून ऐकला आहे. त्यात दोन चुका आहेत: 55 टक्के कशाचे हे तपासलेले नाही, आणि टक्क्यांची बेरीज केली आहे.

पहिली चूक समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, 100 स्त्रियांनी स्त्रीबीजे वाढवण्याची इंजेक्शने सुरू केली. काहींच्या बीजकोशांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही, म्हणून 90 जणींचेच स्त्रीबीज काढले गेले, ज्याला सगळे ‘पिकअप’ म्हणतात. काहींच्या बाबतीत फलन झाले नाही किंवा भ्रूण वाढता वाढता थांबले, म्हणून ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणे, 80 जणींचे झाले. त्यांपैकी 44 जणींची बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्तचाचणी सकारात्मक आली, 36 जणींच्या सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले आणि 28 जणींना जिवंत बाळ झाले. आता 80 पैकी 44 म्हणजे 55 टक्के. पत्रकात हाच आकडा येऊ शकतो. उपचार सुरू करणाऱ्या 100 पैकी बाळ घेऊन घरी गेलेल्या मात्र 28 आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिल्यात भागाकाराच्या खालून ट्रान्सफरपर्यंत न पोहोचलेल्या 20 जणी गळाल्या आहेत आणि वर बाळाच्या जागी चाचणी आली आहे.

हिशेब इथेच थांबवला तर केंद्रावरही अन्याय होतो. एका पिकअपमधून अनेक भ्रूण मिळाले, तर उरलेले गोठवून पुढच्या महिन्यांत वापरता येतात. वरच्या उदाहरणात ज्यांना पहिल्या ट्रान्सफरने बाळ झाले नाही, त्यांच्यापैकी आणखी 8 जणींना गोठवलेल्या भ्रूणांतून बाळ झाले, तर 100 पैकी 36 जणींना बाळ झाले असे म्हणावे लागेल. इंजेक्शनांच्या एका फेरीतून मिळालेले ताजे आणि गोठवलेले सर्व भ्रूण धरून काढलेला हा एकत्रित जिवंत जन्मदर जोडप्याच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर देतो. त्यासाठी निदान दोन वर्षांपूर्वी पिकअप झालेल्या स्त्रियांचा गट घ्यावा लागतो, कारण अलीकडच्या गटाचे भ्रूण अजून गोठवलेलेच असतात आणि गर्भारपणही पूर्ण झालेले नसते.

दुसरी चूक अनेक सायकलींच्या, म्हणजे उपचाराच्या फेऱ्यांच्या, बाबतीत होते: टक्क्यांची सरळ बेरीज करता येत नाही, कारण पुढच्या फेरीत आधी बाळ न झालेल्यांपैकी परत आलेल्याच असतात. पहिल्या सायकलमध्ये 100 पैकी 30 जणींना बाळ झाले आणि उरलेल्या 70 पैकी 40 जणीच परत आल्या, असे धरू. त्यांतून 10 जणींना बाळ झाले. मग उरलेल्या 30 पैकी 16 जणी तिसऱ्यांदा आल्या आणि 4 जणींना बाळ झाले. प्रत्यक्ष बाळे 44 झाली. पण परत न आलेल्यांनाही परत आलेल्यांइतकीच संधी होती असे मानले, तर हाच आकडा सुमारे 61 टक्के होतो. माझ्या मते हे गृहीतक फार उदार आहे, कारण खर्च आणि मनस्ताप यांच्याबरोबरच ‘तुमच्या बाबतीत आशा कमी आहे’ हे ऐकूनही अनेक जणी थांबतात. बोस्टनमधील 6,164 स्त्रियांवरील 2009 च्या अभ्यासात सहा सायकलींनंतरचा दर उदार पद्धतीने 72 टक्के आणि सोडून गेलेल्यांना बाळ झाले नाही असे मानून 51 टक्के आला. चाळिशीच्या आणि पुढच्या स्त्रियांत हेच आकडे 42 आणि 23 होते. म्हणून ‘तीन सायकलींत इतके टक्के’ असे कोणी सांगितले, तर मधेच गेलेल्यांचे काय केले, हे विचारावे.

वयाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक असतो: स्वतःचे स्त्रीबीज वापरणाऱ्यांचा आणि दात्याचे स्त्रीबीज वापरणाऱ्यांचा आकडा एकत्र केलेला असेल, तर तो 37 वर्षांच्या स्त्रीला काहीच सांगत नाही, कारण दात्या तरुण असतात.

बहिणीला मी एकच प्रश्न कागदावर लिहून दिला: “दोन-तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे 35 ते 37 वयाच्या, स्वतःचे स्त्रीबीज वापरणाऱ्या किती जणींनी इंजेक्शने सुरू केली आणि त्यांपैकी किती जणींना त्या एका पिकअपमधून जिवंत बाळ झाले?” केंद्राने प्रामाणिकपणे 20 पैकी 8 असे कळवले. हा दर 40 टक्के दिसतो, पण एवढ्या लहान गटात केवळ योगायोगानेही इतका चढउतार होतो, की खरा दर साधारण 20 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तिच्या यजमानांनी हे शांतपणे ऐकले आणि एका पिकअपऐवजी दोनांचा खर्च धरून पैशांची जुळवाजुळव सुरू केली.