काठिण्य ०.५० आलं म्हणून प्रश्न चांगला ठरत नाही: बहुपर्यायी चाचणीचं पदविश्लेषण

बी.एड.च्या प्रात्यक्षिकात किंवा शाळेत पहिल्यांदा पदविश्लेषण, म्हणजे चाचणीतल्या एकेका प्रश्नाची पारख, करणारे बहुतेक जण दोन सूत्रं पाठ करतात, आकडे काढतात आणि तक्ता फाईलला लावून मोकळे होतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कोणता पर्याय कोणी निवडला हे पाहिल्याशिवाय त्या दोन आकड्यांवरून प्रश्नाबद्दल फारसं काही ठरवता येत नाही. एका छोट्या उदाहरणावरून हे दिसेल.

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवीच्या ३७ मुलांची मराठवाड्याचा इतिहास आणि भूगोल यांवर २० प्रश्नांची चाचणी घेतली. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि एक गुण. पेपर तपासून झाले की जास्त गुणांपासून कमी गुणांपर्यंत लावायचे. वरचे २७ टक्के हा उच्च गट, खालचे २७ टक्के हा निम्न गट. हे २७ टक्क्यांचं प्रमाण मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी १९३९ साली मांडलं. दोन गटांतला फरक ठळक दिसावा आणि गटही फार लहान होऊ नयेत, या दोन गरजांचा त्यात मेळ आहे. ३७ चे २७ टक्के म्हणजे ९.९९, म्हणून दोन्ही गटांत दहा-दहा पेपर. मधले १७ बाजूला ठेवायचे.

दहाव्या जागेवर समान गुणांची दोन-तीन लेकरं आली तर चिठ्ठी टाकून एकाला घ्यावं. ओळखीचं किंवा हुशार वाटणारं लेकरू वर घेतलं की गटच वाकडा होतो. दोन्ही गटांची संख्या मात्र सारखीच हवी.

आता सूत्रं. काठिण्य निर्देशांक म्हणजे दोन्ही गटांत मिळून बरोबर उत्तर दिलेल्यांना एकूण २० ने भागायचं. हुशार आणि कच्ची मुलं प्रश्न किती वेगळी काढतो हे भेदन निर्देशांक सांगतो: उच्च गटातल्या बरोबर उत्तरांतून निम्न गटातली बरोबर उत्तरं वजा करायची आणि एका गटाच्या संख्येने, म्हणजे १० ने भागायचं. पहिल्या निर्देशांकाच्या नावात गोंधळ आहे: आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. ०.९० हा अवघड प्रश्न समजून अहवाल लिहिणारे दरवर्षी भेटतात.

चाचणीतले तीन प्रश्न घेऊ.

पहिला: जायकवाडी धरण कोणत्या नदीवर आहे? उच्च गटात दहाही बरोबर, निम्न गटात नऊ. काठिण्य १९ ÷ २० = ०.९५, भेदन (१० − ९) ÷ १० = ०.१०. भेदनासाठी नेहमी वापरली जाणारी कसोटी मापनतज्ज्ञ रॉबर्ट एबल यांची: ०.४० आणि वर उत्तम, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ सुधारण्याजोगा, त्याखाली काढावा किंवा नव्याने लिहावा. तिच्यावर हा प्रश्न नापास होतो. पण वीसपैकी १९ जणांना उत्तर आलं की भेदन ०.१० च्या वर जाऊच शकत नाही. ती गणिताची मर्यादा आहे. गोदाकाठच्या लेकरांना हे माहीत असणारच, आणि सुरुवातीला धीर देण्यासाठी असा एखादा प्रश्न असू द्यावा.

दुसरा: मांजरा नदी कोणत्या डोंगररांगेत उगम पावते? उच्च गटात ८ आणि निम्न गटात ३ जणांनी बालाघाट निवडलं. काठिण्य ०.५५, भेदन ०.५०. दोन्ही आकडे उत्तम. तरीही पर्याय मोजले तर सातपुडा दोन्ही गटांत एकानेही निवडलेला नाही. म्हणजे हा प्रश्न प्रत्यक्षात तीनच पर्यायांचा उरला आणि अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ वरून ३३ टक्क्यांवर गेली. सातपुड्याच्या जागी लेकरांना खरी वाटेल अशी दुसरी रांग टाकून पुढच्या वेळी पाहावं.

तिसऱ्या प्रश्नावर थांबायला हवं: मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन महाराष्ट्रात कधी सामील झाला? उत्तरसूचीत १९६० आहे. काठिण्य (४ + ६) ÷ २० = ०.५०. एवढंच काढून थांबलं तर प्रश्न आदर्श वाटतो. भेदन मात्र (४ − ६) ÷ १० = −०.२०. हुशार लेकरं चुकतात आणि कच्ची बरोबर येतात, असं का? पर्यायांची मोजणी पाहा.

| पर्याय | उच्च गट | निम्न गट |
|---|---|---|
| १९४८ | ० | ३ |
| १९५० | ० | ० |
| १९५६ | ६ | १ |
| १९६० | ४ | ६ |

भेदन उणे आलं की आधी उत्तरसूची तपासायची, मग प्रश्नाची भाषा. इथे दोष भाषेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र राज्य झालं ते १ मे १९६० ला. प्रश्नाने दोन घटना एका वाक्यात कोंबल्या. ज्यांना धडा नीट कळला ते ‘हैदराबादपासून वेगळा’ या शब्दांवरून १९५६ कडे गेले. ज्यांना फक्त महाराष्ट्र दिन पाठ आहे त्यांना गुण मिळाले. दुरुस्ती सोपी आहे: ‘मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात कोणत्या वर्षी समाविष्ट झाला?’ उत्तर १९५६.

इथे एक सावधगिरी हवी. गटात दहाच जण असताना एका मुलाचं उत्तर बदललं की भेदन ०.१० ने हलतं. −०.२० म्हणजे फक्त दोन मुलांचा फरक. तो योगायोगही असू शकतो. म्हणून एकट्या त्या आकड्यावर प्रश्न फेकू नये. १९५६ वरची सहास-एक ही तफावत आणि वाक्यातला दोष हे दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून इथे निर्णय पक्का होतो.

एक्सेलमध्ये ही मोजणी पटकन होते. पहिली ओळ शीर्षकाची, त्याखाली ३७ मुलं एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने, आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं D स्तंभात असतील तर १९५६ या पर्यायासाठी (C) उच्च आणि निम्न गटाची सूत्रं अशी:

```
=COUNTIF(D2:D11,"C")
=COUNTIF(D29:D38,"C")
```

क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडावा. नुसता गुणांचा स्तंभ निवडून क्रम लावला की एकाचे गुण दुसऱ्याच्या उत्तरांपुढे जाऊन बसतात आणि अनेक प्रश्नांचं भेदन शून्याजवळ येतं. सगळेच प्रश्न एकदम वाईट दिसू लागले तर आधी हीच शंका घ्यावी. कोरी उत्तरं वेगळी मोजावीत; शेवटच्या चार प्रश्नांवर ती जास्त असतील तर तिथलं कमी काठिण्य मूल्य वेळ अपुरा पडल्याचं आहे.

आणि ज्यांनी ही चाचणी दिली त्यांचं काय? तिसऱ्या प्रश्नाला १९५६ आणि १९६० दोन्हींना गुण द्यावेत. मग एकूण गुण बदलतात, काठावरची मुलं गटाच्या आतबाहेर होतात, म्हणून पेपर पुन्हा क्रमाने लावून बाकीच्या प्रश्नांचे निर्देशांक नव्याने काढावे लागतात.