एपीआयची मिनिटाची मर्यादा आणि महिन्याचा कोटा कसा सांभाळावा

समजा तुमच्या फुकट प्लॅनवर लिहिलंय: मिनिटाला 60 कॉल, महिन्याला 10,000. पहिला आकडा वेगाचा, दुसरा एकूण साठ्याचा. मिनिटाला 60 च्या वेगाने अखंड मारा केलात, तर महिन्याचा साठा पावणेतीन तासांत रिकामा होतो. आणि दोन्ही आकडे सहसा तुमच्या कीला लागू असतात, प्रत्येक फोनला वेगळे नाही.

माझं पावसाच्या अंदाजाचं छोटं अ‍ॅप होतं, 12 तालुक्यांसाठी. साधारण 200 जण ते दिवसातून सहा वेळा उघडायचे आणि दर वेळी एक कॉल जायचा. दिवसाला 1,200 कॉल. नवव्या दिवशी अ‍ॅप बंद.

उपाय: फोनने एपीआयला थेट विचारायचंच नाही. तुमचा सर्व्हर तासाला एकदा 12 तालुक्यांचा अंदाज आणून साठवेल, फोन तो साठा वाचतील. 12 × 24 × 31 म्हणजे 8,928 कॉल, मग वापरणारे 200 असोत की 20,000. कीही सर्व्हरवरच राहते. अ‍ॅपमध्ये ठेवलेली की एपीके उघडून कोणीही काढू शकतं.

खरी गोची पुढे आहे. मर्यादा ओलांडली की बहुधा असं उत्तर येतं:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 20
```

‘फेल झालं की पुन्हा मारा’ हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो. तो ऐकू नका. मी ऐकला होता. माझा कोड 429 आल्या आल्या पुन्हा कॉल करायचा आणि त्या सेवेत नाकारलेले कॉलही मोजले जात होते. त्यामुळे मर्यादा कधी मोकळीच होईना आणि मला वाटत राहिलं, त्यांचाच सर्व्हर बिघडलाय. लॉग पाहिला तेव्हा एकाच सेकंदात त्याच तालुक्याच्या कॉलच्या ओळीच्या ओळी दिसल्या.

`Retry-After` आला असेल तर तेवढं थांबा. तिथे सेकंदांऐवजी तारीख-वेळही येऊ शकते, कोडने दोन्ही वाचता आलं पाहिजे. तो नसेल तर 1, 2, 4, 8 सेकंद असं थांबणं वाढवत न्या आणि दर वेळी थोडा यादृच्छिक वेळ मिळवा, नाहीतर एकदम अडलेले सगळे कॉल पुन्हा एकदमच धडकतात. चार-पाच प्रयत्नांनंतर सोडून द्या.

महिन्याचा कोटा संपल्यावरही अनेक ठिकाणी 429 च येतो. तिथे थांबून काहीच होत नाही, म्हणून उत्तरातला मजकूर वाचून दोन्ही प्रकार वेगळे करा. कोटा संपला असेल तर कॉल बंद करा आणि जुना अंदाज वेळेसकट दाखवा: ‘सकाळी 7 चा अंदाज’. काही प्लॅन कोट्यानंतर अडवत नाहीत, सरळ जादा बिल लावतात. कार्ड जोडण्याआधी ते तपासा.

शेवटी, चाचणीसाठी स्वतःच एक खोटा 429 पाठवणारा पत्ता तयार करा, कोड त्याकडे वळवा आणि लॉगमध्ये दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढतंय का ते बघा.