जुन्या सहकारिणीला शिफारसपत्र देताना

लेटरहेड, तारीख, सही, शिक्का हे सांगायला नको. आपण तिचे कोण होतो आणि कधीपासून कधीपर्यंत सोबत काम केलं, ते पहिल्याच वाक्यात टाका. ज्या जागेसाठी अर्ज आहे तिची जाहिरात तिच्याकडून मागवून घ्या. तिथे नोंदी चोख ठेवणारं माणूस हवं असेल तर बाकीचे गुण मागे राहू द्या.

आता खरं काम. ती येण्याआधी काय परिस्थिती होती, ते लिहा. मागच्या पत्रात माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीन संकलन केंद्रावर ती आमच्यासोबत होती आणि मी लिहिलं, ‘ओलावा तपासणीचं काम अत्यंत जबाबदारीने केलं.’ शब्द खरा, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. असं कुणाबद्दलही लिहिता येतं.

लिहायला हवं होतं ते असं: ‘परतीच्या पावसानंतर माल ओला येतो आणि हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. ती येण्याआधी केंद्रावर कट्ट्याच्या तोंडाचेच दाणे मशीनमध्ये टाकायचे. तोंडाशी सुका, तळाशी ओला, त्यामुळे पुढे गोदामावर माल नाकारला जायचा आणि शेतकऱ्यांशी वाद व्हायचे. तिने परखी घालून वरचा, मधला, तळाचा नमुना एकत्र करायला सुरुवात केली. शेतकऱ्यासमोर मोजायचं, आकडा रजिस्टरला लिहायचा, त्याची सही घ्यायची. त्या हंगामात वाद झाला की रजिस्टर उघडून तिथेच मिटायचा.’ आता यातली ‘ती येण्याआधी’ची वाक्यं काढून वाचा. उरतं ते फक्त रोजचं काम. म्हणून आधीची स्थिती हवीच.

आधीची स्थिती आठवणीवर लिहू नका. जुनं रजिस्टर, वजनाच्या पावत्या, परत आलेल्या मालाच्या नोंदी काढा. नोंद सापडली नाही तर आकडा देऊ नका, ‘वाद कमी झाले’ एवढंच लिहा. कारण नवीन ठिकाणचे लोक फोन करतात आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘आधी कसं होतं?’ तेव्हा पत्रात एक आणि तोंडी दुसरं झालं, तर नुकसान तिचं होतं.

कल्पना तिची होती की सगळ्यांची, हेही स्पष्ट करा. परखी दुसऱ्याने सुचवली असेल आणि रजिस्टरची शिस्त तिची असेल, तर तसंच लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच वाक्यात मिसळू नका.

उदाहरणं दोन पुरेत, पत्र एका पानात. पगार, घरची परिस्थिती, शेतकऱ्यांची नावं नकोत. चालू असलेला मोबाईल नंबर द्या. सही करण्याआधी मसुदा तिला वाचायला द्या, तारखांची चूक तीच पकडेल. आणि पाठवण्याआधी प्रत्येक उदाहरणावर बोट ठेवून बघा: आधी काय होतं, ते लिहिलंय का?